हन्नाबाईंच्या रिकाम्या ओळी

हन्नाबाई भिंगारदिवे दुकानात शिरल्या की माझी खुर्ची आपोआप रिकामी होते. मी सेहेचाळीस वर्षांचा आहे, श्रीरामपुरात वीस वर्षं टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवतो, गिऱ्हाइकांवर खेकसायची माझी ख्याती आहे, आणि तरी बाईंना पाहून मी उभा राहतो. चौथीला त्या मला शिकवायला होत्या. शिकवायला म्हणजे, मी वर्गात झोपायचो आणि त्या मला उठवायच्या. निवृत्त होऊन त्यांना अकरा वर्षं झाली, पण माझी उभं राहायची सवय काही गेली नाही.

फेब्रुवारीत त्या आल्या आणि म्हणाल्या, “डॅनी, मला टीव्ही ऐकायचाय.”

“बघायचा नाही?”

“नाही. पडदा बंद, आवाज चालू. पण हवं तेव्हा गाण्याचे शब्द मोठ्या अक्षरांत दिसले पाहिजेत. आणि वीज कमी लागली पाहिजे. होईल का?”

मला हसू आलं. “बाई, त्यापेक्षा मोबाईलवर लावा की गाणी.”

बाई हसल्या नाहीत. पिशवी काउंटरवर ठेवून त्यांनी मला सगळं नीट सांगितलं, जसं वर्गात सांगायच्या तसं, एक झालं की दुसरं. त्यांचे यजमान अब्राहामकाका साखर कारखान्यात एकतीस वर्षं उसाच्या भुश्शाच्या यार्डात होते. तो भुसा छातीत बसला. आता घरी पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन आहे, हवेतून ऑक्सिजन काढून नळीनं नाकात सोडणारं. ते दिवसरात्र घरघरतं आणि त्या घरघरीत मोबाईलचा आवाज काकांना ऐकू येत नाही. मोबाईल बघायला मान खाली घातली की छाती दबते. दवाखान्यातल्या फिजिओथेरपीच्या मुलीनं सांगितलं होतं, समोर बघा आणि श्वास हळूहळू सोडा. काका तो व्यायाम करायला तयार नव्हते. मात्र गायला तयार होते. चर्चच्या गायनमंडळाचे ते पंचवीस वर्षं म्होरके होते, आणि गाणं म्हणजे तरी काय, श्वास हळूहळू सोडणंच.

“आणि वीज?” मी विचारलं.

“लाईट गेली की मशीन इन्व्हर्टरवर चालतं. त्याच इन्व्हर्टरवर टीव्ही. टीव्हीनं जे घेतलं ते यांच्या मशीनचं गेलं,” बाई म्हणाल्या. एवढं बोलताना त्यांनी काउंटरची कड घट्ट धरली होती. बाईंना घाबरलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि मलाही उगाच भीती वाटायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी वीज मोजायचं मीटर घेऊन त्यांच्या घरी गेलो. टीव्ही बाईंच्या लेकीनं पाठवलेला, त्रेचाळीस इंची. नेहमीसारखा चालू केला तर शहाऐंशी वॅट. ऑक्सिजनचं मशीन एकटंच तीनशे चाळीस. बाईंनी आधीच एक युक्ती करून ठेवली होती. काळ्या पाटीवर पांढरे शब्द असं चित्र त्यांनी लावलं होतं, पडदा काळा म्हणजे वीज कमी असा त्यांचा हिशेब. मी मीटर दाखवलं, आकडा जेमतेम हलला होता. “बाई, या टीव्हीत पडद्याच्या मागे दिवे असतात. चित्र काळं केलं तरी मागचे दिवे जळतच राहतात. दिवे मंद केले तरच वीज वाचते.” बाईंनी मान डोलावली आणि वहीत लिहून घेतलं. आपल्या बाईंना आपण काही शिकवलं या आनंदात मी अर्धा तास जास्त काम केलं.

मागचा उजेड अगदी खाली आणला तेव्हा मीटर अडतीसवर आलं, आणि मोठी अक्षरं तरी वाचता येत होती. मग सेटिंगमध्ये जाऊन ‘पडदा बंद’ केलं. आवाज चालू, चित्र नाही, एकोणीस वॅट. ते रिमोटच्या एका बटणावर बसवून दिलं. आवाज कमीजास्त केला तरी पडदा काळाच राहतो, दुसरं कुठलंही बटण दाबलं की उजळतो, हेही बाईंनी लिहून घेतलं. लाईट गेली की इंटरनेटही जातं, म्हणून गाणी पेनड्राईव्हवर भरली.

गाणी काकांचीच होती. गायनमंडळाच्या जुन्या कॅसेटी, त्यात चाळिशीतले अब्राहामकाका खणखणीत आवाजात पुढे गातात आणि मंडळ मागे. प्रत्येक गाण्याला मी शब्दांची एक फाईल केली. तिचं नाव गाण्याच्या नावासारखंच ठेवायचं, आत प्रत्येक ओळीआधी ती कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला यायची ते लिहायचं, म्हणजे गाणं पुढे सरकतं तशा टीव्हीवर ओळी येतात. पहिल्यांदा मराठीऐवजी नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं आली. फाईल युनिकोडमध्ये साठवली तेव्हा अक्षरं आली. काकांनी पलंगावरून ती वाचली आणि स्वतःच्याच आवाजाबरोबर गाऊ लागले. म्हाताऱ्याचा फाटका आवाज आणि तरण्याचा भरीव आवाज एकत्र ऐकून मी हातातलं मीटर खाली ठेवलं. बाईंनी फाईल कशी बदलायची तेही शिकून घेतलं. पेनड्राईव्ह मोबाईलला लावायची पिन मी त्यांना दिली. एकदा शब्द चुकलाय म्हणाल्या, एकदा वेळ चुकलीय म्हणाल्या, मग फोन येणं थांबलं.

मे महिन्यात एका सोमवारी त्यांचा फोन आला. पेनड्राईव्ह मधेच बंद पडतोय. मी सकाळी दहाला नवीन पेनड्राईव्ह आणि लॅपटॉप घेऊन गेलो. बाई औषधं आणायला बाहेर निघाल्या होत्या, दार उघडून दिलं आणि गेल्या. काकांचा डोळा लागला होता. नाकाला नळी, पांघरूण छातीपर्यंत, आणि छाती पांघरुणाखाली केवढी तरी खालीवर होत होती. फेब्रुवारीत ती एवढी होत नव्हती. मी नजर काढून घेतली आणि कामाला लागलो, मला असलं बघवत नाही.

जुन्या पेनड्राईव्हवरच्या फाईली उघडल्या तर शब्द गळालेले. एक ओळ अर्धी, पुढची सबंध रिकामी, मग दोन शब्द, मग पुन्हा रिकामी. वेळा सगळ्या जागच्या जागी, पण त्यांच्यापुढे काहीच नाही. सगळ्या गाण्यांत तोच प्रकार. मी म्हटलं, पेनड्राईव्ह मरायला टेकलाय, फाईली खाल्ल्या त्यानं. माझ्या लॅपटॉपवर फेब्रुवारीतल्या सबंध फाईली होत्याच. त्या नव्या पेनड्राईव्हवर टाकल्या, एक गाणं लावून पाहिलं, ओळीमागून ओळ झकास येत होती. जुना पेनड्राईव्ह खिशात टाकला, चहासुद्धा न घेता दुकानात परत आलो. चांगलं काम केल्याच्या तोऱ्यात होतो मी. ते आठवलं की आजही मान खाली जाते.

दोनच्या सुमारास वारा सुटला. पाऊस नाही, नुसता वारा आणि धूळ, दुकानाचं शटर धडधडायला लागलं आणि लाईट गेली. मोबाईलवर निरोप येऊ लागले, खांब पडलेत, संध्याकाळपर्यंत काही खरं नाही. तीन वाजता बाईंचा फोन.

“डॅनी, ये.”

एवढंच. बाई कधी इतकं कमी बोलत नाहीत. मी गाडी काढली. रस्त्यात एक बाभूळ आडवी पडली होती, तिला वळसा घालून गेलो आणि सगळ्या वाटेत मशीन बंद पडलं असेल हा एकच विचार डोक्यात होता.

मशीन बंद पडलं नव्हतं, घरघर दारातूनच ऐकू आली. टीव्ही चालू होता, मंद उजेडात ओळी येत होत्या आणि काका गात होते. बाई त्यांच्या बोटाला लावलेल्या चिमट्याकडे बघत होत्या, रक्तातला ऑक्सिजन दाखवतो तो.

“एरवी एक्क्याण्णव असतो,” त्या म्हणाल्या. “आता त्र्याऐंशी. मशीन नीट चाललंय, नळी नीट आहे. मग हे का होतंय? यांना गाणं लावून दिलं आणि हात धुवायला मोरीत गेले, दोन मिनिटं. आले तर हे असं.”

मी काकांकडे पाहिलं. ओठ निळसर झाले होते. मानेच्या शिरा ताठ. डोळे पडद्यावर खिळलेले, आणि पडद्यावर ओळ आली की ते ती म्हणायला धावत होते. ओळ संपायच्या आत दम संपत होता, की लगेच दुसरी ओळ हजर. थांबायला जागाच नव्हती. घाबरल्यामुळे ते आणखी जोरानं ओळ धरत होते, बुडणारा माणूस दोर धरतो तसे.

“मशीनचा आकडा वाढवा बाई,” मी ओरडलो.

“नाही. डॉक्टरांनी दोनवर ठेवायला सांगितलंय. यांना जास्त ऑक्सिजनही बाधतो.” बोलता बोलता त्यांनी पहिल्यांदा मान वळवून टीव्हीकडे पाहिलं. एक ओळ गेली, दुसरी आली.  “हे शब्द इथे कसे? इथे काही नव्हतं. इथे मी काही ठेवलं नव्हतं. डॅनी, हे कोणी भरलं?”

“मी,” मी म्हटलं. 

बाईंनी रिमोट उचलला आणि पडदा बंद केला. गाणं चालू राहिलं, अक्षरं गेली. काका काळ्या पडद्याकडे बघतच राहिले, त्यांच्या डोळ्यांत होती तेवढी भीती मी कुणाच्याच डोळ्यांत पाहिलेली नाही. बाई पलंग आणि टीव्ही यांच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या.

“माझ्याकडे बघा. अहो, इकडे. मी सांगेन तेवढंच म्हणायचं.”

त्यांनी हात वर केला. तळवा काकांकडे, म्हणजे थांबा. चाळिशीतले अब्राहामकाका टेपवर पुढची ओळ एकटेच गाऊन गेले. बाई ओठांचा चंबू करून हळूहळू फुंकर सोडत होत्या, काकांनी त्यांचं बघून सोडली. मग बाईंनी हात खाली आणला आणि दोन शब्द सांगितले. काकांनी दोन शब्द म्हटले. पुन्हा तळवा. एक सबंध ओळ गेली. पुन्हा दोन शब्द.

तेव्हा मला कळलं. त्या ओळी पेनड्राईव्हनं खाल्ल्या नव्हत्या. बाईंनी एकेक शब्द स्वतः पुसला होता. पडद्यावर शब्द दिसेल तिथे गायचं, काही दिसणार नाही तिथे श्वास सोडायचा. जसजसा काकांचा दम कमी झाला तसतशी बाईंनी रिकामी जागा वाढवली, आणि मी ती सगळी एका दमात भरून टाकली होती.  

त्र्याऐंशी. ब्याऐंशी. मग बराच वेळ ब्याऐंशीच. दुसरं गाणं लागलं तेव्हा पंच्याऐंशी झाले. मी भिंतीला टेकून खाली बसलो होतो आणि मनातल्या मनात प्रार्थना करत होतो, मी, जो नाताळखेरीज चर्चचं तोंड बघत नाही. चार वाजता आकडा अठ्ठ्याऐंशीवर आला. हात खाली वर करायचं बाईंनी थांबवलं नव्हतं.

“बाई, बसा जरा.”

“बसले तर यांना दिसणार नाही.”

काकांच्या ओठांवर जरा रंग आला आणि मला हिशेब आठवला. बॅटरी तीन वर्षांची जुनी. मशीन आणि टीव्ही नेहमीच्या उजेडात चालले असते तर पावणेतीन तास, फार तर तीन. मंद उजेड आणि आता बंद पडदा धरून थोडा वेळ वाढला असेल, वीस मिनिटं, अर्धा तास. दोनला लाईट गेलेली. म्हणजे पाचच्या आसपास सगळं थांबणार, आणि लाईटचा पत्ता नाही. बाईंनी दवाखान्यातून ऑक्सिजनचा सिलिंडर मागवला होता, पण त्याची गाडी तिकडे पडलेल्या झाडापाशी अडकली होती. मी बाहेर जाऊन गोरक्षला फोन लावला. गोरक्षचा माझ्या दुकानाशेजारी टेम्पो उभा असतो.

“गोरक्ष, माझ्या दुकानातला इन्व्हर्टर, बॅटरीसकट सोडव अन् बाईंच्या घरी आण. अब्राहामकाकांच्या मशीनसाठी.”

“काका बरे हायेत ना?” त्यानं विचारलं.

“तू आण फक्त.”

“आनतो. बाबळीखालून जागा न्हाई, लांबून यावं लागंल. पन आनतो.”

चार पस्तीसला इन्व्हर्टर ओरडायला लागला. टूं, मग थोडा वेळ काही नाही, मग पुन्हा टूं. काकांची नजर बाईंच्या हातावरून ढळून त्या आवाजाकडे गेली आणि आकडा लगेच दोननं उतरला. “तिकडे नाही, इकडे,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी वर्गातला होता.

“टीव्हीपण बंद करू का? एकोणीस वॅट वाचतील,” मी विचारलं.

बाईंनी क्षणभर विचार केला. “किती मिनिटं मिळतील?”

“पाचसुद्धा नाही.”

“मग राहू दे. आवाज थांबला तर हे थांबतील.”

ती पंधरा मिनिटं मी दारात उभा राहून काढली. रस्ता बघायचो, मग मागे वळून आकडा बघायचो, मग पुन्हा रस्ता. इन्व्हर्टरचा टूं आता लागोपाठ यायला लागला होता. माणूस भीतीनं आजारी पडू शकतो असं कुणी म्हटलं तर मी आता वाद घालणार नाही. पाचला दहा मिनिटं कमी असताना टेम्पो वळला. गोरक्षनं आणि मी बॅटरी ओढत आत आणली. तारा आवळताना माझ्या हातून पाना दोनदा निसटला. मग मशीनची पिन काढून नव्या जागी घालायची, अर्ध्या मिनिटाचं काम. पिन काढली तसं मशीन कर्कश ओरडलं आणि घरघर थांबली. टीव्हीतले काका गातच होते. बाईंचा तळवा वर होता. मी पिन घातली, बटण दाबलं, मशीन खोकून चालू झालं.

“झालं का रं?” गोरक्षनं विचारलं.  मी पलंगाच्या पायथ्याशी बसून रडलो, सरळ रडलो, लाज वाटली नाही.

सहाला सिलिंडर आला आणि साडेसहाला लाईट. काकांचा आकडा नव्वद. गोरक्ष चहा पिऊन गेला. मी मात्र जाऊ शकत नव्हतो.

“बाई, चूक माझी,” मी म्हटलं. “मला वाटलं फाईली खराब झाल्या.”

बाई खुर्चीत बसल्या होत्या, दुखणारा खांदा दुसऱ्या हातानं दाबत. “चूक माझीपण आहे. मी कुणाला सांगितलं नाही. यांनाही नाही. यांना म्हटलं, टेपवर तिथे शब्द नीट ऐकू येत नाहीत, म्हणून जागा सोडली.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “मार्चमध्ये एका ओळीत चार शब्द होते, डॅनी. एप्रिलमध्ये तीन. दर रविवारी हे झोपले की मी बसायचे आणि कुठला शब्द काढायचा ते ठरवायचे. मला त्या कामाची फार भीती वाटते.”

मी खिशातून जुना पेनड्राईव्ह काढला आणि लॅपटॉप उघडला. फाईली मधेच अडकत होत्या, एकेक करून वाचवाव्या लागणार होत्या. बाई शेजारी येऊन बसल्या. पहिलं गाणं उघडलं.

“होतं तसं ठेवू?” मी विचारलं.

त्या काकांकडे बघत होत्या. “नको. आजच्यानंतर दोनसुद्धा जास्त होतात. एक ठेव.”

मी पहिल्या ओळीतल्या दुसऱ्या शब्दावर बोट ठेवलं, पण बटण दाबवेना. कुणाच्या तरी छातीतून आपण काही काढून घेतोय असं वाटलं. 

“हन्ना,” काका पलंगावरून म्हणाले. आम्हाला वाटलं होतं ते झोपलेत. एकेक शब्दामागे ते थांबत होते. “टेप लई चांगली हाय. सगळं ऐकू येतं. पयल्यापासून ठाऊक हाय मला.”

बाई त्यांच्याकडे वळल्या.

“काढ तू. शेवटचा ठेव. पयला टेपवरला मी म्हनंल.”

मी पहिला शब्द पुसला आणि शेवटचा ठेवला. बाईंनी माझा दंड धरला होता, सगळ्या ओळी होईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.